सिगारेट सुटली पण मिक्स चालू आहे, मग ही तलफ नक्की कशाची?

टेकडीवरचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहायची वेळ आली. आयडी नवीन काढलाय, कारण उघड आहे.

गेल्या दिवाळीत सिगारेट सोडली. पाकीट घेणं बंद. हिंजवडीत ऑफिसखाली टपरीवर सगळे उभे असतात तेव्हा मी फक्त चहा घेतो, आणि खरं सांगतो फार त्रास नाही झाला. पण रात्री घरी आल्यावर गांजाचा एक जॉइंट असतो, शनिवार रविवार दोन तीन होतात. तो मिक्सच असतो, म्हणजे येताना एक सिगारेट आणायची, बोटांत फिरवून अर्धी तंबाखू तळहातावर पाडायची, त्यात माल चुरून मिसळायचा आणि गोगोच्या कागदात भरायचा. प्युअर मला झेपत नाही, घशाला लागतो आणि नीट जळत पण नाही.

आता प्रॉब्लेम असा की दुपारी तीन चार वाजले की डोकं जागेवर राहत नाही, उगाच चिडचिड, मीटिंगमध्ये कोण काय बोलतंय कळत नाही, नजर सारखी घड्याळाकडे. आधी जेवणं आवरून दहा साडेदहाला गॅलरीत जायचो, आता पार्किंगमधून वर आलो की बूट काढायच्या आधी डबी शोधतो. बायको म्हणते तू माझ्याशी संध्याकाळी बोलतच नाहीस आणि तिचं बरोबर आहे.

म्हणजे मला गांजाचं व्यसन लागलंय असं दिसतंय. सिगारेट सुटलेलीच आहे त्यामुळे प्रश्न फक्त गांजाचा आहे. कोणी कमी केलाय का, कसा केला? लेक्चर नको, अनुभव सांगा.

पेठकर

सिगारेट सोडलीस आणि रोज टपरीवर जाऊन सिगारेट मागतोस. जरा त्या टपरीवाल्याला विचार तू सोडलीस का म्हणून.

बाकी सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण आपल्याकडे बंदी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

उत्तर सोपं आहे. सगळा गोंधळ तंबाखूचा आहे, ती काढून टाक, प्युअर ओढ. गांजाचं व्यसन बिसन काही लागत नाही, झाडपाला आहे तो, साधू लोक आयुष्यभर ओढतात.

अर्धवट_इंजिनीअर

पेठकर, साधू लोक चिलमीत तंबाखू घालतात हो. एकदा बघा भरताना.

साताऱ्याचा_जावई

मी पण अकरा वर्षं मिक्स करायचो. तंबाखू आणि चुना. सकाळी उठल्यावर पहिली चिमूट, मग गाडीवर, मग सासऱ्यांच्या समोर तोंड बंद करून बसायचं. दात गेले दोन. शेवटी डॉक्टरनी तोंडात पांढरा चट्टा दाखवला आणि त्या दिवशी डबी फेकून दिली. तुम्ही पण फेका, एका झटक्यात, हळूहळू वगैरे काही होत नसतं.

टेकडीवरचा

@साताऱ्याचा_जावई, दादा ते मिक्स वेगळं, पण धन्यवाद. झटक्यात करून बघितलं, माल संपला होता तेव्हा. उलट तेव्हा तर सिगारेटी वाढल्या माझ्या.

मोगरा

थांबा थांबा. हे शेवटचं वाक्य आधी सांगायला हवं होतं.

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे, पुण्यातच, बरीच वर्षं. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं नाव घेऊन "हे घ्या" असं मी इथे सांगणार नाही. पण तुमच्यासारखी मुलं मुली सध्या इतकी येतात की अर्धी गोष्ट ऐकल्यावर उरलेली मीच सांगते. मला तीनच गोष्टी सांगा. माल संपतो तेव्हा साध्या सिगारेटी किती होतात? जॉइंट भरून जी अर्धी सिगारेट उरते तिचं काय करता? आणि दुपारच्या त्या चिडचिडीत डोळ्यांसमोर काय येतं, नशा येते की पहिला झुरका येतो?

टेकडीवरचा

माल नसेल तर सात आठ होतात, पण ते चार पाच दिवसच, माल आला की परत शून्य. म्हणून मी ते धरत नाही.

उरलेली अर्धी मी जॉइंटनंतर ओढतो. फिल्टर असतोच तिला. टाकवत नाही.

तिसरा प्रश्न भारी आहे. पहिला झुरका. म्हणजे अगदी तो आत घेतल्यावर डोक्यात जे भिरभिरतं ना ते. नंतरचं सुस्त वाटणं वगैरे दुपारी आठवतच नाही.

पेठकर

शून्य म्हणे.

मोगरा

धन्यवाद, इतकं सरळ फार कमी लोक सांगतात.

आता हिशेब बघू. एका सिगारेटीत साधारण पाऊण ग्रॅमपेक्षा थोडी कमीच तंबाखू असते. तुम्ही अर्धी जॉइंटमध्ये घालता आणि अर्धी नंतर ओढता, म्हणजे रोज रात्री एक अख्खी सिगारेट झाली, वीकेंडला दोन तीन. कागदावर हे किरकोळ दिसतं. पण जॉइंटला फिल्टर नसतो, पुठ्ठ्याची गुंडाळी असते फक्त, ती काही अडवत नाही. शिवाय सिगारेट आपण ओढून सोडतो आणि जॉइंटचा झुरका खोल घेऊन छातीत धरून ठेवतो. तो धरून ठेवतो गांजासाठी, पण त्याच धुरात निकोटीनही असतंच, आणि डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड पण. त्यामुळे "अर्धी सिगारेट" हे माप फसवं आहे.

आणि तो पहिल्या झुरक्याचा भिरभिरणारा क्षण. धुरातलं निकोटीन दहा वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. गांजाचा अंमल चढत चढत जातो, रंगात यायला बराच वेळ घेतो. दिवसभर निकोटीन न मिळालेल्या माणसाला पहिल्या झुरक्याला जो झटका बसतो त्यात तंबाखूचा वाटा मोठा असतो, पण हातात जॉइंट असतो म्हणून श्रेय गांजाला जातं. तुम्हाला दुपारी जे आठवतं ते तेच आहे.

निकोटीन रक्तातून साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्री दहाला घेतलंत तर सकाळी सहापर्यंत सोळावा हिस्सा उरला, दुपारी तीनला म्हणाल तर काहीच नाही. म्हणजे तुम्ही रोज पूर्ण रिकामे होता, विथड्रॉवल म्हणजे ते न मिळाल्याचा त्रास सुरू होतो, आणि तो जरा पुढे सरकायच्या आत रात्री परत भरता. ज्याने खरंच सोडली त्याचे पहिले दोन तीन दिवस सगळ्यात वाईट जातात आणि मग महिनाभरात उतार पडतो. तुम्ही त्या पहिल्या दिवसाच्या पुढे कधी गेलाच नाहीत. रोज पहिलाच दिवस चाललाय.

अर्धवट_इंजिनीअर

बाप रे. हे माझंच चाललंय की काय. मी तर दिवसाला तीन मिक्स, आणि फॉर्म भरताना "धूम्रपान करता का" ला नाही लिहितो आणि मला ते खोटं वाटतच नाही.

मोगरा

अगदी हेच. आमच्याकडे पण "रोज किती सिगारेटी" विचारलं की लोक शून्य सांगतात आणि ती निकोटीनची प्रश्नावली पूर्ण आडवी होते, कारण तिचा मोठा आधार सिगारेटींचा आकडा आणि सकाळी उठल्यावर पहिली किती मिनिटांनी, यावर आहे. रात्री ओढणाऱ्याला सकाळचा प्रश्न लागू पडत नाही. म्हणून मी हल्ली दोनच गोष्टी विचारते: कामावरून घरी आल्यावर किती मिनिटांत लावता, आणि माल नसेल तर साधी सिगारेट चालते का. चालत असेल तर तुमच्या शरीराला नुसता गांजा नकोय.

पेठकर

म्हणजे मी म्हणत होतो तेच ना. दोष तंबाखूचा. गांजा निर्दोष सुटला.

मोगरा

अर्धं बरोबर आहे पेठकर. गांजाचं व्यसन लागतं, सगळ्यांना नाही, जुना ठोकताळा दहातल्या साधारण एकाला असा आहे आणि रोज ओढणाऱ्यांत प्रमाण त्याहून बरंच जास्त. आणि "प्युअर ओढ" या सल्ल्यात मेख अशी की जॉइंटचा आकार तोच ठेवला आणि तंबाखू काढली तर ती जागा गांजानेच भरते, म्हणजे गांजाचा डोस दुप्पट. तंबाखू सुटते आणि झोपताना छाती धडधडते, सकाळी डोकं जड. मी असे लोक पाहिलेत जे प्युअरवर गेले, महिनाभरात परत मिक्सवर आले कारण "प्युअर जास्त चढतो आणि तरी काहीतरी कमी वाटतं". ते काहीतरी म्हणजे निकोटीन.

डच_पुणेकर

मी नेदरलँड्सला राहतो, मूळ सदाशिव. इकडे जवळपास सगळेच मिक्स ओढतात, युरोपात हीच पद्धत आहे, आणि माझे अमेरिकेतले मित्र त्याला नाकं मुरडतात, तिकडे नुसता ओढायची सवय. एक गंमत सांगतो. इकडे २००८ च्या जुलैत हॉटेलं, बार सगळीकडे तंबाखूला बंदी आली, ती कॉफीशॉपनाही लागू झाली. म्हणजे आत बसून नुसता गांजा ओढायला परवानगी पण त्यात तंबाखू घातली तर नियमभंग. तेव्हा इकडचे लोक भयंकर वैतागले होते म्हणे, गांजा उघड मिळत असूनही. मला तेव्हा हा फक्त विनोद वाटला होता, आता मोगराताईंचं वाचून वेगळंच दिसतंय.

ऑस्ट्रेलियात एका शाळकरी मुलांच्या गटाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास आहे, २००५ मध्ये छापून आला. आधी सिगारेट न ओढणारी पण गांजा नियमित ओढणारी जी मुलं होती ती पुढे सिगारेटकडे आणि निकोटीनच्या व्यसनाकडे जास्त गेली. आपण नेहमी उलटं ऐकतो, आधी सिगारेट मग गांजा.

कर्वेनगर_काकू

मला इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. त्याने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही, त्याच्या वडिलांना दमा आहे म्हणून त्याला वासही चालायचा नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून मित्रांबरोबर वेताळ टेकडीवर जायला लागला. मागच्या महिन्यात त्याच्या बॅगेत ते पातळ कागद सापडले आणि सिगारेटचं पाकीटही सापडलं. विचारलं तर म्हणतो "आई सिगारेट ओढत नाही मी, ती फक्त भरायला लागते." आणि मला ते तेव्हा पटलं!! आता हे वाचून हातपाय गार पडलेत. त्याला तंबाखूची सवय लागली असेल का?

टेकडीवरचा

काकू तो खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच तसं वाटतं. मलाही वाटत होतं, परवापर्यंत.

मोगरा

काकू, घाबरू नका. लागली असेलच असं नाही, किती वेळा आणि किती दिवस यावर आहे. पण गांजातून तंबाखूकडे आलेली मुलं मी पाहिलीत, आणि त्यांना स्वतःला कळत नाही कारण त्यांनी "सिगारेट" कधी पेटवलेलीच नसते. एक खूण लक्षात ठेवा, पाकीट फक्त भरण्यापुरतं असेल तर ते आठवडे पुरतं. ते लवकर संपायला लागलं, किंवा तो टेकडीवर न जाता पण जेवणानंतर "खाली जाऊन येतो" म्हणायला लागला, तर साधी सिगारेट सुरू झाली असं समजा. बॅगा तपासत बसू नका, त्याने फक्त लपवायची जागा बदलेल. "तू भरतोस त्यात तंबाखू किती असते रे" असं सरळ विचारा. मुलं या प्रश्नाचं उत्तर देतात, कारण त्यात आरोप नसतो.

साताऱ्याचा_जावई

ताईंना माझं ऐकायचंय का माहीत नाही पण मी चौदाव्या वर्षी आजोबांची चिलीम भरून द्यायचो, त्यातूनच सुरुवात झाली. आजोबा तंबाखूत अजून काय घालायचे ते मला खूप नंतर कळलं.

अर्धवट_इंजिनीअर

माझा अनुभव टाकतो, कोणाला उपयोग झाला तर झाला.

लॉकडाऊननंतर मी ठरवलं गांजा बंद. फक्त गांजा, सिगारेट तेव्हा दिवसाला दोन तीन होती, म्हटलं ती बघू नंतर. झालं काय की रात्री झोप लागेना, घामाने टीशर्ट भिजायचा, स्वप्नं इतकी खरी पडायची की सकाळी उठून मित्राला फोन करून विचारलं आपलं भांडण झालं होतं का. जेवण जाईना. आणि या सगळ्यावर उतारा म्हणून सिगारेट, दोन तीनची अख्खं पाकीट झाली. मग गांजा परत आला काही महिन्यांनी, पण सिगारेट खाली नाही आली. म्हणजे सोडायला गेलो एक आणि कमावलं दुसरं.

नंतर निकोटीन गम पण आणला होता मेडिकलमधून. एकदम फालतू, चघळून चघळून जबडा दुखला, उचक्या लागल्या, तलफ तशीच.

मोगरा

चहाबरोबर चघळला होता ना?

अर्धवट_इंजिनीअर

हो, टपरीवर. कसं ओळखलं

मोगरा

पुण्यात गम "फालतू" असण्याचं पहिलं कारण अमृततुल्य आहे.

तो च्युइंग गमसारखा चघळायचा नसतो. दोन चार वेळा हळू चावायचा, जीभ चुरचुरली किंवा मिरमिरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की परत दोनदा चावायचा. असा अर्धा तास. निकोटीन तोंडातल्या आतल्या त्वचेतून जातं. भराभर चघळला तर ते लाळेबरोबर पोटात जातं, तिथे फारसं कामाला येत नाही आणि मळमळ, उचक्या मात्र होतात. चहा, कॉफी, सरबत, कोल्डड्रिंक यांनी तोंड आंबट होतं आणि मग ते नीट शोषलं जात नाही, म्हणून आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत काही प्यायचं नाही. आपल्याकडे २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ चा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

आणि तुमच्या त्या रात्रीच्या घामाबद्दल. इथेच दोन विथड्रॉवल वेगळे ओळखता येतात थोडेफार. चिडचिड, अस्वस्थपणा, झोप मोडणं हे दोन्हीत असतं, त्यावरून काही ठरवू नका. पण निकोटीन सुटलं की भूक वाढते, सारखं काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. गांजा सुटला की उलट अन्नावरची वासना जाते, घाम येतो, आणि दाबून ठेवलेली स्वप्नं एकदम उसळतात. वेळही वेगळी, निकोटीनचं काही तासांत सुरू होतं, गांजाचं एक दोन दिवसांनी, कारण तो चरबीत साठतो आणि हळूहळू निघतो. टेकडीवरचा रोज रात्री ओढतो, त्याला दुपारी तीनला गांजाचा विथड्रॉवल यायचं फारसं कारण नाही. निकोटीनचा यायचं पूर्ण कारण आहे.

टेकडीवरचा

मग मी आता टेस्ट कशी करू? म्हणजे मला खात्री हवी. दुपारी गम खाऊन बघू का?

मोगरा

ठोकताळा म्हणून चालेल, पक्की तपासणी नव्हे. काही दिवस दुपारची तलफ आली की चहाच्या आधी एक २ चा गम नीट वर सांगितला तसा घ्या आणि अर्ध्या तासाने स्वतःला विचारा, उतरली का. रात्रीचं आत्ता काही बदलू नका, एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कळतं. हृदयाचा काही त्रास, अल्सर, किंवा बायको सोडून अजून कोणी डॉक्टर तुमच्यावर लक्ष ठेवून असेल तर आधी विचारून घ्या.

पेठकर

बायको सोडून अजून कोणी डॉक्टर, हा हा. मोगराताई पुण्याच्या नक्की.

माझा एक प्रामाणिक प्रश्न. तंबाखूऐवजी ते हर्बल मिक्स मिळतं ऑनलाइन, तुळस, पुदिना, कसलीकसली पानं, ते घालून ओढलं तर? किंवा व्हेप?

मोगरा

हर्बलमध्ये निकोटीन नाही हे खरं असेल तर तेवढा प्रश्न सुटतो. पण कुठलंही पान जाळलं की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येतंच, फुप्फुसाला तुळस काय आणि काय. काही जणांना मधला टप्पा म्हणून उपयोग होतो, काही जण आठवड्यात परत सिगारेट फोडतात. माझं मत फारसं चांगलं नाही त्याबद्दल.

व्हेपचं सोडा, ई सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे आणि काळ्या बाजारात जे मिळतं त्यात काय भरलंय देवाला माहीत.

संपादक

माल, कागद, व्हेप कुठे मिळेल असे प्रश्न विचारणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. गांजा बाळगणं आणि ओढणं दोन्ही गुन्हा आहे, इथे चर्चा सोडण्याबद्दल आहे. चालू द्या.

टेकडीवरचा

अपडेट. गम बघितला दुपारी, चहा टाळून, हिरडीत दाबून वगैरे. चव म्हणजे मिरी लावलेला खोडरबर. पण उतरली. एकदाच नाही, जवळजवळ प्रत्येक वेळी, वीस पंचवीस मिनिटांत डोकं जागेवर. मीटिंगमध्ये चक्क बोललो. खरं सांगू का, आनंद नाही झाला, राग आला, इतके महिने मी लोकांना सांगत फिरलो सिगारेट सोडली म्हणून आणि पार्टीत टाळ्या घेतल्या.

पण रात्री गमने काही झालं नाही. रात्री साडेनऊला मला ते हवंच असतं, गम खाऊन पण. हात शिवशिवतात, ते तळहातावर चुरणं, चाटून चिकटवणं, गॅलरीतला तो कोपरा. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना?

मोगरा

हो. दुपारी निकोटीन, रात्री गांजा अधिक सवय. आणि या दोघांची गाठ एकाच हालचालीत बसलीये म्हणून एकटं एक सुटत नाही. गांजा चालू ठेवून सिगारेट सोडली तर रोज रात्री तंबाखूची पुन्हा ओळख होते. गांजा सोडून सिगारेट ठेवली तर प्रत्येक झुरक्याला हात, ओठ, लायटरचा आवाज गांजाची आठवण काढतात, आणि अर्धवट इंजिनीअरसारखं सिगारेट ती जागा भरते.

डच_पुणेकर

मग दोन्ही एकदम सोडायचं की आधी एक? इकडे यावर लोकांचं एकमत नाहीये.

मोगरा

आमच्यातही नाही. दोन्ही एकदम सोडल्याने जास्त नुकसान होतं असं काही दिसलेलं नाही आणि बऱ्याच जणांना ते सोपं जातं कारण आठवणींची साखळी एकदाच तुटते. पण पहिला आठवडा फार खडतर, दोन्ही विथड्रॉवल एकमेकांवर चढतात. म्हणून मी ज्यांना पाठवते त्यांचे डॉक्टर निकोटीनची बाजू पॅच आणि गमने सांभाळतात, म्हणजे शरीराला एकाच आघाडीवर लढावं लागतं. गांजासाठी असं मान्यताप्राप्त औषध नाही, तिथे झोपेची काळजी, समुपदेशन आणि संध्याकाळचा तो तास दुसऱ्या कशाने तरी भरणं.

पॅचबद्दल दोन बारीक गोष्टी. त्याची ताकद दिवसाच्या सिगारेटींवरून ठरते, दहापेक्षा जास्त असतील तर सहसा मोठा, नाहीतर मधला. मिक्सवाला "शून्य" सांगतो आणि त्याला कमी मिळतं, म्हणून डॉक्टरांना जॉइंटमध्ये किती तंबाखू जाते आणि माल नसताना किती सिगारेटी होतात हे दोन्ही सांगा. दुसरं, चोवीस तासांचा पॅच रात्रभर ठेवला तर त्यानेही चित्रविचित्र स्वप्नं पडतात. गांजा सोडल्याची स्वप्नं की पॅचची हे कळेना झालं तर झोपताना काढायचा का हे डॉक्टरांना विचारा. एखाद्या रात्री घसरलात आणि जॉइंट ओढलात तर पॅच उपटून फेकू नका, मळमळलं तर तेवढंच, दुसऱ्या दिवशी पुढे चालू.

साताऱ्याचा_जावई

माझं मत अजून तेच, एका झटक्यात. मला कुणी पॅच नाही लावला.

मोगरा

जावईबापू, तुम्हाला जमलं, अभिनंदन. तुमच्यासारखे असतातच.

अर्धवट_इंजिनीअर

मी गावी गेलो की दोन्ही आपोआप बंद होतं, घरचे आहेत, मित्र नाहीत, आठवणही येत नाही फार. चांदणी चौक दिसला की सुरू. याला काय म्हणायचं.

आणि कॉफीचं काहीतरी वाचलं होतं, सिगारेट सोडल्यावर कॉफी जास्त चढते, अफवा आहे का?

मोगरा

अफवा नाही. धुरातल्या डांबरामुळे लिव्हर कॅफीन भराभर उडवतं. धूर बंद झाला की तो वेग काही दिवसांतच उतरतो आणि तेवढ्याच कॉफीत कॅफीनची पातळी साधारण दुप्पट राहते. लोकांना छातीत धडधड, हात थरथर, झोप नाही असं होतं आणि ते समजतात विथड्रॉवल वाढला. सोडायच्या आठवड्यात चहा कॉफी निम्मी करा. निकोटीनचा याच्याशी संबंध नाही, धुराचा आहे, त्यामुळे पॅच लावला तरी हे होणारच.

टेकडीवरचा

ठरवलंय. शनिवारी अपॉइंटमेंट घेतलीये एका डॉक्टरांकडे, बायको बरोबर येतेय. तंबाखूसाठीच्या फोनवरच्या मदतीचा नंबर कोणाकडे आहे का, मधल्या दिवसांसाठी.

पेठकर

१८०० ११ २३५६. पाकिटावरच छापलेला असतो, तू तंबाखू काढताना बघितलं नसशील. आणि नशेसाठीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. शिवाय येरवड्याला मुक्तांगण आहे, १९८६ पासून, अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, तिथे चौकशी करायला कुणी कमीपणा मानू नये. बघ, मी पण कामाचं बोलतो कधीकधी.

कर्वेनगर_काकू

मोगराताई, तुम्ही सांगितलं तसं विचारलं. आधी गप्प बसला, मग म्हणाला निम्मी निम्मी असते, आणि हल्ली परीक्षेत अभ्यासाला बसताना नुसती सिगारेट पण होते एखादी. रडला थोडा. पुढच्या आठवड्यात दोघं मिळून जाऊ म्हणतोय.

एक राहिलं सांगायचं. त्याला गेल्या वर्षीपासून एका मनोविकारतज्ज्ञांची रात्रीची गोळी चालू आहे, झोप आणि विचारांसाठी. त्यांना या कशाची कल्पना नाही. ते धुरामुळे लिव्हरचं तुम्ही म्हणालात, त्याचा या गोळीशी काही संबंध येतो का?

मोगरा

येऊ शकतो काकू, आणि बरं झालं विचारलंत. काही गोळ्या, ओलान्झापिन आणि क्लोझापिन त्यातल्या मुख्य, त्याच मार्गाने शरीरातून जातात. ओढणाऱ्याला डोस त्याच्या धुराच्या हिशेबाने बसवलेला असतो, एकदम धूर बंद केला तर तीच गोळी जड पडते, खूप झोप, चक्कर, क्लोझापिनमध्ये तर गंभीर त्रास होऊ शकतो. सगळ्या गोळ्यांचं असं नसतं. स्वतःहून गोळी कमी किंवा बंद करू नका, पण त्याने धूर बंद करायच्या आधी त्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगा, जॉइंट पण आणि सिगारेट पण. गांजामुळे त्या मूळ आजारावरही परिणाम होतो, तेही त्यांना कळायला हवं. गोळीचं नाव काय आहे?

कर्वेनगर_काकू

तो क्लासला गेलाय, डबा त्याच्या खोलीत आहे. आल्यावर त्यालाच विचारून लिहिते.